वर्धा नदीचे दोन काठ: मालगुजारी, रयतवारी आणि आजचे जिल्हे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ब्रिटिशांनी लावलेल्या महसूल पद्धतींमुळे भारतातील काही जिल्हे पुढे गेले आणि काही मागे राहिले, असे अर्थशास्त्राच्या वर्गात आता जवळजवळ गृहीत धरले जाते. हे म्हणणे कितपत खरे आहे, हे विदर्भाइतके बारकाईने तपासता येईल असे प्रदेश थोडे आहेत. त्यामुळे पुढील उत्तरांत बंगाल, बिहार किंवा कोकण यांचा उल्लेख तुलनेपुरताच येईल आणि मुख्य भर वर्धा नदीच्या दोन्ही बाजूंच्या गावांवर राहील.

महसूल पद्धतीचा आजच्या विकासाशी संबंध आहे, हा दावा नेमका काय आहे?

अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ब्रिटिश अमलाखालील जिल्ह्यांचे, ढोबळमानाने, दोन गट केले होते. ज्या जिल्ह्यांत सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये जमीनदार होता ते एका गटात, आणि जिथे रयत किंवा गावसमूह थेट सरकारला सारा भरत होता ते दुसऱ्या गटात. स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांची आकडेवारी पाहिल्यावर त्यांना असे आढळले की जमीनदार नसलेल्या जिल्ह्यांत गव्हाचे उत्पादन हेक्टरी सुमारे २३ टक्क्यांनी जास्त आहे आणि बालमृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आहे. त्यांच्या मते ही दरी १९६५ नंतर, म्हणजे सुधारित बियाणे, खते आणि सरकारी गुंतवणूक खेड्यांपर्यंत पोहोचू लागल्यावर, अधिक रुंदावली.

जमीनदारी कायद्याने रद्द झाल्यानंतरही तिचा परिणाम का टिकावा, याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण राजकीय स्वरूपाचे आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या जमीनदार आणि कूळ यांच्यात संघर्ष राहिला, तिथे शाळा, दवाखाना, कालवा अशा सामाईक गोष्टींसाठी लोकांना एकत्र येऊन सरकारवर दबाव आणणे जमले नाही, असा त्याचा आशय आहे. हा तर्क ऐकायला पटतो. मात्र तो तपासायचा असेल तर दोन पद्धती अगदी शेजारी असाव्यात, माती आणि पाऊस सारखे असावेत आणि नंतरचे राज्य सरकारही एकच असावे, अशा अटी घालाव्या लागतात.

तुलनेसाठी विदर्भच का निवडला?

या अटी तिथे बऱ्याच अंशी पूर्ण होतात म्हणून. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ब्रिटिशांच्या ताब्यात दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. म्हणजे वर्धा नदीच्या पश्चिमेचा आणि पूर्वेचा मुलूख अवघ्या वर्षभराच्या अंतराने एकाच सत्तेखाली आला, पण दोन्हीकडे महसुलाची घडी वेगवेगळी बसवली गेली. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन रयतवारी आली. नागपूरचा भाग १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात गेला आणि रिचर्ड टेंपल यांच्या काळात तिथे उत्तर हिंदुस्थानातील वळणाची, गाव हे एकक धरणारी मालगुजारी पक्की झाली.

१९०३ पासून दोन्ही भागांचा कारभार एकत्र आला, १९५६ मध्ये दोन्ही एकदमच द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. बिहार आणि तमिळनाडू यांची तुलना करताना महसूल पद्धतीबरोबर राज्य सरकारही बदलते, आणि मग फरक नेमका कशामुळे पडला हे सांगणे अवघड होते. अमरावती आणि वर्धा या जिल्ह्यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. तिवसा आणि आर्वी हे तालुके नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत, दोन्हीकडे काळी जमीन आहे, आणि दोन्हीकडे कापूस हे दीडशे वर्षांपासूनचे महत्त्वाचे नगदी पीक आहे.

मालगुजार म्हणजे नक्की कोण?

भोसल्यांच्या काळात गावचा पाटील किंवा मक्तेदार सरकारशी गावाच्या वसुलाचा करार करीत असे. ठरलेली रक्कम भरणे आणि गावची लागवड टिकवणे ही त्याची जबाबदारी होती. गावची जमीन त्याच्या मालकीची नव्हती आणि करार संपल्यावर गाव दुसऱ्याकडे जाऊ शकत असे. ब्रिटिश बंदोबस्तात, म्हणजे सारा आणि जमिनीचे हक्क ठरवण्याच्या प्रक्रियेत, या वसुली करणाऱ्याला गावाचा मालक म्हणून मान्यता मिळाली. जो सारा गोळा करीत होता त्याला मालकी हक्क देण्यात आला, आणि कालपर्यंत त्याच्याबरोबरीने कसणारे शेतकरी कागदावर त्याची कुळे झाले. मालगुजारीतील सर्वांत मोठा बदल हाच आहे, आणि नंतरची बहुतेक भांडणे त्यातूनच निघाली.

पण बंदोबस्त करणाऱ्या अधिकाऱ्यांना या मालकीच्या दानाची चिंताही वाटत होती. म्हणून जुन्या, वहिवाट सिद्ध करू शकणाऱ्या शेतकऱ्यांना ‘मलिक मकबुजा’ म्हणून आपल्या तुकड्याची मालकी देण्यात आली. ते सारा मालगुजारामार्फत भरत, पण जमीन त्यांची स्वतःची असे. त्याखाली मौरुसी कुळांचे वर्ग होते, ज्यांना बेदखल करणे सोपे नव्हते, आणि सर्वांत खाली साधी कुळे होती. मालगुजाराची स्वतःची घरची शेती ‘सीर’ आणि ‘खुदकाश्त’ म्हणून वेगळी नोंदली जात असे. गावातील पडीक, झुडपी जंगल, तलाव आणि गावठाण यांवर मालकी मालगुजाराची, पण गावकऱ्यांना सरपण, चराई, पाणी यांचे ‘निस्तार’ हक्क, अशी रचना होती. हे हक्क आणि गावच्या चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात उतरवून ठेवल्या जात.

म्हणजे तो बंगालच्या जमीनदारासारखाच होता ना?

नाही, आणि संपूर्ण वादाची गुरुकिल्ली याच उत्तरात आहे. बंगालमध्ये १७९३ च्या कायमधाऱ्याने जमीनदाराने सरकारला भरायची रक्कम कायमची गोठवली. त्यावेळच्या खंडाच्या अकरापैकी दहा भाग सरकारचे, असा तो हिशोब होता. पुढच्या शंभर वर्षांत लागवड वाढली, भाव वाढले आणि खंडही वाढला, पण त्या वाढीतील एक पैसाही सरकारला मिळायचा नव्हता. साहजिकच त्या जिल्ह्यांत कालवे किंवा रस्ते काढून शेती सुधारण्यात सरकारला महसुली स्वारस्य उरले नाही, आणि कोणता शेतकरी कोणता तुकडा कसतो याची सरकारी नोंद ठेवण्याचीही गरज राहिली नाही. उत्तर बिहारमध्ये शेतवार मोजणी व हक्कनोंदणी सुरू व्हायला १८९० चे दशक उजाडले.

मध्य प्रांतात मात्र सारा ठरावीक मुदतीसाठी, बहुधा वीस ते तीस वर्षांसाठी, ठरत असे आणि मुदत संपली की बंदोबस्त नव्याने होत असे. एक काल्पनिक हिशोब मांडून पाहू. समजा आर्वीजवळच्या एका गावात सर्व कुळांचा मिळून वर्षाचा खंड १,००० रुपये आहे. त्यातील साधारण निम्मा किंवा त्याहून काहीसा जास्त भाग सरकार घेई, आणि उरलेला भाग व सीर जमिनीचे उत्पन्न मालगुजाराचे. बंगालमध्ये जमीनदार हे हजाराचे दोन हजार करून वाढीव हजार आपल्याकडे ठेवू शकत होता. इथे मात्र, विशेषतः १८८३ आणि १८९८ च्या कुळकायद्यांनंतर, कुळाने किती खंड द्यायचा हे ठरवण्याचे काम प्रामुख्याने बंदोबस्त अधिकाऱ्याकडे गेले. अधिकारी शेताची प्रत पाहून खंड ठरवी आणि मालगुजार तो वसूल करी. १९२० च्या कायद्याने साध्या कुळांनाही मौरुसी हक्कांच्या पातळीवर आणले. स्वतःच्या गावात खंड हवा तसा वाढवू न शकणाऱ्या माणसाला बिहारमधील बडे जमीनदार असलेल्या दरभंग्याच्या महाराजांच्या पंक्तीत बसवणे मला तरी योग्य वाटत नाही.

याचा अर्थ मालगुजार निरुपद्रवी होता असा नाही. नवे कूळ बसवताना नजराणा घेणे, वेठबिगार करून घेणे, सरपणासाठी अडवणूक करणे, सावकारीच्या धाग्याने कुळाला बांधून ठेवणे, हे सर्व चालत असे, आणि ते कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही.

वऱ्हाडातील रयत तरी खऱ्या अर्थाने स्वतंत्र होती का?

सरकारच्या दृष्टीने होती. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात १८३० च्या दशकात बसवलेली मोजणी पद्धत वऱ्हाडात १८६० च्या दशकापासून लागू झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, मातीची खोली आणि दोष पाहून प्रतवारी, आणि त्यावरून तीस वर्षांसाठी पक्का आकार अशी तिची घडी होती. खातेदार आपला नंबर विकू, गहाण टाकू किंवा सोडून देऊ शकत असे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्याच दशकात कापसाचे भाव चढले, मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, खामगाव आणि अमरावतीच्या बाजारपेठा फुगल्या. जमीन विक्रीयोग्य झाल्यामुळे कर्जही सहज मिळू लागले.

पण विकता येणारी जमीन गमावताही येते. नदीच्या पूर्वेला मौरुसी कुळाच्या हस्तांतराच्या हक्कावर कायद्याची बंधने होती, त्यामुळे सावकाराला त्याच्या जमिनीत फारसा रस नव्हता. वऱ्हाडात खातेदाराची जमीन हेच सर्वांत चांगले तारण होते. पश्चिम महाराष्ट्रातील रयतवारी मुलखात १८७५ मध्ये सुप्यात सावकारांविरुद्ध दंगे उसळले आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा करावा लागला, तो याच कारणाने.

याहून महत्त्वाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रयतवारीत ‘रयत’ म्हणजे खातेदार. प्रत्यक्ष नांगर धरणारा तोच असेल असे नाही. वऱ्हाडातील मोठे खातेदार, देशमुख आणि सावकार आपली शेते बटईने किंवा वर्षाच्या करारावर देत, आणि या खालच्या कुळांना संरक्षण देणारा सर्वसाधारण कायदा थेट १९५१ मध्ये, वऱ्हाडच्या शेतजमीन पट्ट्यांच्या नियमनासाठी, आला. म्हणजे १९२० साली वर्ध्याच्या कुळाला जे संरक्षण होते ते नदीपलीकडच्या बटईदाराला नव्हते. त्यात यवतमाळकडील इजारा गावे निराळीच. पडीक मुलूख वसवण्यासाठी ही संपूर्ण गावे इजारदारांना दिली गेली आणि तिथे रयतवारीच्या पोटात एक छोटी जमीनदारीच तयार झाली. त्या भागातील काही गावांच्या नावांत ‘इजारा’ हा शब्द अजून आहे.

मग विदर्भाने त्या राष्ट्रीय दाव्याला धक्का दिला का?

दिला. २००५ च्या अभ्यासात मध्य प्रांताचे जिल्हे जमीनदारीच्या गटात धरले होते. २०१३ मध्ये इव्हर्सन, पामर-जोन्स आणि सेन यांनी याच वर्गीकरणावर बोट ठेवले. मध्य प्रांतातील कुळांचे हक्क, खंड ठरवण्याची सरकारी पद्धत आणि नोंदींची व्यवस्था पाहता हे जिल्हे बंगाल-बिहारच्या रांगेत बसत नाहीत, आणि ही नोंद बदलली की शेतीच्या उत्पादनातील तो ठळक फरक टिकत नाही, असे त्यांनी मांडले. मूळ दाव्याच्या बाजूने बोलणारे अभ्यासकही आहेत आणि वाद संपलेला नाही.

माझ्या मते या वादातून घ्यायची गोष्ट आकडेमोडीपेक्षा साधी आहे. प्रत्येक जिल्ह्याला ‘जमीनदारी’ किंवा ‘रयतवारी’ असा एकच शिक्का मारला की ज्या तपशिलांनी प्रत्यक्षात फरक पडतो तेच तपशील पुसले जातात. खंड कोण ठरवत होते, शेतवार नोंद कोण ठेवत होते आणि गावचे पाणी कोणाच्या ताब्यात होते, ही तीन उत्तरे मिळाली तर शिक्क्याची फारशी गरज राहत नाही.

जमीनदारी भागात सिंचन कमी असते, असे म्हणतात. विदर्भात तसे दिसते का?

इथे चित्र जवळजवळ उलटे आहे, आणि म्हणून या प्रश्नावर थोडे रेंगाळायला हवे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या मालगुजारी-जमीनदारीच्या पट्ट्यात सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. सरकारी भाषेत ते ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. रयतवारी वऱ्हाडात असे काही नाही. तिथली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि कापूस-ज्वारी पावसावर येत असे, त्यामुळे तलावांची गरजही नव्हती आणि सपाट भूभागामुळे सोयही नव्हती.

तलावांचे श्रेय पूर्णपणे मालगुजारांना देणेही चुकीचे ठरेल. त्यांतील बरेच तलाव ब्रिटिशपूर्व काळातले आहेत. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन देण्याची पद्धत ठेवली होती आणि कोहळी समाजाने ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. मालगुजारीने या तलावांना एक ठरलेला धनी दिला. उन्हाळ्यात पाळीवर माती टाकणे, सांडवा दुरुस्त करणे, मोरी साफ ठेवणे हे काम मालगुजार करवून घेई, कुळे श्रम देत, आणि कोणाच्या धानाला आधी पाणी जाईल याची रीत वाजिब-उल-अर्जात नोंदलेली असे. तलावाखालच्या धानाचा खंड बुडू नये हा मालगुजाराचा स्वार्थ होता, आणि त्याच स्वार्थामुळे पाळ टिकत असे.

मध्य प्रदेशाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून हे तलाव सरकारजमा झाले. मालगुजाराची सीर आणि घरची शेती त्याच्याकडेच राहिली. जबाबदारी मात्र गेली. पुढे महाराष्ट्रात १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आले. म्हणजे ज्या गावात पूर्वी पाळ फुटली तर एका माणसाच्या दारात जाऊन भांडता येत होते, तिथे आता दुरुस्तीचा प्रस्ताव, अंदाजपत्रक आणि निधीची वाट पाहणे आले. तळात गाळ साचत गेला, कडेने शेते आत सरकली, आणि ज्यांच्या हातात तलाव होता ते बदलल्यामुळे पाण्याचे हितसंबंधही बदलले. धानाच्या शेतकऱ्याला पावसाने ओढ दिली की ऑक्टोबरमध्ये तलाव मोकळा करून हवा असतो. मासेमारी संस्थेचा ठेका घेतलेल्या ढिवर कुटुंबांना तेच पाणी तलावात राहायला हवे असते. आणि तळात गाळपेर करणाऱ्याला पाणी लवकर उतरायला हवे असते. पूर्वी या तिघांमध्ये निवाडा करणारा एक माणूस होता, अन्यायी असला तरी. आता निवाडा करणारे कोणी नाही, आणि तीन खात्यांकडे तीन अर्ज आहेत.

त्यामुळे भंडाऱ्यात अमरावतीपेक्षा सिंचन जास्त का, असे कोणी विचारले तर पहिले उत्तर पाऊस, धान आणि भूरचना हेच आहे. महसूल पद्धतीचा वाटा त्यानंतर येतो, आणि तो मुख्यतः तलावांच्या निगराणीच्या इतिहासात दिसतो.

अमरावती आणि वर्धा या शेजारी जिल्ह्यांच्या आजच्या स्थितीत फरक दिसतो का?

महसूल पद्धतीने समजावून सांगता येईल असा ठळक फरक दिसत नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यातील अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे रयतवारी वऱ्हाडचे, आणि सहावा वर्धा, मालगुजारीचा. नागपूर विभागातून नेमका वर्धाच त्या यादीत आला, कारण कोरडवाहू कापूस, काळी जमीन आणि सावकारी कर्ज यांबाबत तो नदीपलीकडच्या जिल्ह्यांसारखाच आहे. जुनी महसुली सीमा नदीवर होती, पण संकटाची सीमा पिकाच्या कडेने गेली.

१९६० नंतर राज्याची धोरणेही दोन्ही काठांवर सारखीच पोहोचली. १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी दोन्हीकडे होती. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी दोन्ही जिल्ह्यांना मिळते. २००५ च्या अभ्यासातील जी राजकीय साखळी होती, म्हणजे जमीनदारी भागातील लोक सरकारकडून कमी मिळवतात, ती इथे शोधायची तर नदीच्या दोन बाजूंना सरकारचे दोन वेगळे हात दिसायला हवे होते. सिंचनाच्या अनुशेषाबद्दल पश्चिम विदर्भाची, म्हणजे रयतवारी भागाची, तक्रारच अधिक तीव्र राहिली आहे.

मग महसूल पद्धतीचा कोणताच ठसा उरला नाही का?

उरला आहे, पण तो उत्पन्नाच्या आकड्यांपेक्षा दप्तरात शोधावा लागतो. नागपूर किंवा वर्ध्यात जमिनीची कागदपत्रे हातात घेतली की ‘मौजा अमुक, प.ह.नं. अमुक, ख.नं. अमुक’ अशी ओळ भेटते. पटवारी हलका आणि खसरा हे दोन्ही उत्तरेकडून, मालगुजारी बंदोबस्ताबरोबर आलेले. अमरावतीच्या कागदावर ‘शेत सर्व्हे नंबर’ असतो, तो मुंबईच्या मोजणीचा वारसा. १९६६ च्या महसूल संहितेने कायदा एक केला, तरी हे वळण गेले नाही.

हे नुसते वळण नाही, असे मला वाटते. दोन्ही काठांवर एका गोष्टीत साम्य होते: एकोणिसाव्या शतकातच शेतवार नकाशा, क्षेत्र आणि कसणाऱ्याचे नाव सरकारी दप्तरात आले होते. म्हणून १९५१ मध्ये मालगुजारी रद्द करताना कोणाला कोणता हक्क द्यायचा हे कागदावरून ठरवता आले आणि मौरुसी कुळे तुलनेने लवकर मालक झाली. बिहारमध्ये जमीनदारांनी आपली दप्तरे सरकारच्या हाती देण्यास टाळाटाळ केली, आणि कूळ कोण हेच सिद्ध करणे कित्येकांना अशक्य झाले. दोन प्रदेशांतील आजची दरी समजावून घ्यायची असेल तर मी सर्वप्रथम इथे पाहीन.

गडचिरोलीचे मागासलेपण मालगुजारीमुळे आहे का?

गडचिरोलीचा मोठा भाग मालगुजारीत नव्हताच. अहेरीसारख्या जमीनदाऱ्या तिथे होत्या. हे जमीनदार सरकारला हलकी ‘टाकोळी’ भरत आणि त्यांच्याकडे शेतीपेक्षा जंगल अधिक होते. त्यामुळे तिथे आतील गावांपर्यंत मोजणी उशिरा आणि तुटक पोहोचली, आणि १९५१ नंतर जमीनदाराचे जंगल सरकारी जंगल झाले. आदिवासी गावांच्या हक्कांचा खरा तंटा तेव्हापासून वनखात्याशी आहे. मालगुजारी आणि ही जमीनदारी दोन्ही ‘मध्य प्रांत’ या एका नोंदीखाली गेल्या, तर गडचिरोलीच्या वाट्याचे कारण नागपूरच्या माथी मारले जाते.

कोकण आणि मराठवाडा या तुलनेत कुठे बसतात?

कोकण रयतवारी मुंबई इलाख्यात होते, पण रत्नागिरीत गावचा खोत वसूल गोळा करी आणि कुळांवर त्याची पकड मालगुजारापेक्षाही घट्ट असे. कुलाब्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून अनेक वर्षे संप चालवला, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि कायदा झाला तो १९४९ मध्ये. ‘रयतवारी’ या शिक्क्याखाली काय काय लपू शकते याचे हे उदाहरण.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, म्हणून तो ब्रिटिश जिल्ह्यांच्या तुलनेत धरताच येत नाही. तिथे सरकारी मुलखात रयतवारीसारखी मोजणी होती आणि शेजारी जहागिरी होत्या, ज्या १९४९ मध्ये रद्द झाल्या. मराठवाड्याच्या मागासलेपणाला ‘रयतवारी’ किंवा ‘जमीनदारी’ ही नावे लावून काही उलगडत नाही.

स्वतःच्या जिल्ह्याबाबत असा दावा तपासायचा असेल तर काय पाहावे?

पहिली खबरदारी जिल्ह्याच्या सीमांची. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. १८७० च्या जिल्ह्याचा शिक्का आजच्या जिल्ह्याला जसाच्या तसा लावता येत नाही. दुसरी खबरदारी दरडोई उत्पन्नाची. नागपूर १८६१ पासून १९५६ पर्यंत राजधानीचे शहर होते आणि चंद्रपूर कोळशाचा जिल्हा आहे, त्यामुळे त्यांचे आकडे शेतीबद्दल फारसे सांगत नाहीत. तालुका पातळीवर, नदीकाठच्या समोरासमोरच्या गावांत, ओलिताखालील क्षेत्र, साक्षरता आणि भूधारणेचा आकार पाहणे अधिक उपयोगाचे. ही तुलना करताना कालव्याखालची गावे बाजूला काढावीत, अन्यथा धरणाचा परिणाम इतिहासाच्या नावावर जमा होतो.

कागदांच्या बाबतीत, नागपूर विभागातील गाव असेल तर अभिलेख कक्षात बंदोबस्ताची मिसल, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागावेत. वाजिब-उल-अर्जात तलावाची दुरुस्ती कोणी करायची आणि पाणी कोणाला आधी, हे कलमवार लिहिलेले असते. मिसलीत किती क्षेत्र सीर, किती मलिक मकबुजा आणि किती साध्या कुळांकडे होते हे मिळते, आणि त्यावरून ते गाव नावापुरते मालगुजारीचे होते की खरोखर एका घराच्या मुठीत होते, हे कळते. शेजारच्या दोन गावांच्या मिसलींत हे प्रमाण अगदी वेगळे निघू शकते, आणि जिल्ह्याच्या सरासरीत ते कधीही दिसत नाही.